आठपैकी पाच बरोबर, पण चूक एकच

सातवीतल्या एका मुलाच्या आईने परवा मला व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. खाली मेसेज होता : "मॅडम, आठपैकी तीन चूक. घरी विचारलं की सगळं येतं, आणि वहीत हे असं. नुसता निष्काळजीपणा. याचे बाबा म्हणतायत कबड्डीची प्रॅक्टिस बंद करू. करू का?"

मी त्यांना जे उत्तर लिहिलं ते जरा लांबलं. त्यांनी ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तिथून आणखी दोघा-तिघांचे फोन आले, म्हणून आईंच्या परवानगीने तेच थोडं वाढवून इथे टाकतेय. मुलाचं नाव आणि शाळा देत नाही, त्याची गरजही नाही. मी साताऱ्यात गेली बरीच वर्षं घरी शिकवणी घेते आणि हे पान मी दर वर्षी वेगवेगळ्या अक्षरांत बघते.

आधी पान बघा. मुलाने लिहिलेलं जसंच्या तसं :

१) −८ + ३ = −५
२) −३ − ५ = ८
३) ७ − (−२) = ९
४) −६ − (−२) = −४
५) −२ + ९ = −७
६) (−४) × (−६) = २४
७) −४ + (−५) = ९
८) (−७) × ३ = −२१

दुसरं, पाचवं आणि सातवं चूक. बरोबर उत्तरं अनुक्रमे −८, ७ आणि −९. बाकी पाच बरोबर. म्हणजे कुठल्याही तपासणाऱ्याच्या हिशेबाने आठपैकी पाच. "बरा आहे, जरा लक्ष दिलं तर होईल" असा शेरा मिळण्याइतके मार्क.

पण पान उत्तरांसाठी न बघता खुणांसाठी बघितलं की वेगळंच दिसतं. दुसऱ्या गणितात मुलाने दोन्ही मायनसना पेन्सिलीने गोल केलाय, दोन गोल एका कमानीने जोडलेत आणि कमानीवर बारीक + काढलाय. पहिल्या गणितात − आणि + ला गोल, कमान, आणि वर −. सहाव्यात तेच. सातव्यात आधी कंस सोडवून −४ − ५ असं लिहिलंय, ते बरोबर आहे. मग परत दोन गोल, कमान, वर +. जवळजवळ प्रत्येक गणितावर ही कमान आहे. निष्काळजी मुलगा इतक्या निगुतीने कमानी काढत बसत नाही. त्याच्याकडे एक नियम आहे आणि तो नियम तो मनापासून पाळतोय.

तो नियम मी त्याच्या शब्दांत मांडते. दोन चिन्हं बघायची. दोन्ही मायनस असतील तर उत्तर प्लस, आकड्यांची बेरीज करायची. एक मायनस आणि एक प्लस असेल तर उत्तर मायनस, मोठ्यातून लहान वजा करायचा. गुणाकार असेल तर चिन्ह याच पद्धतीने ठरवायचं आणि आकडे गुणायचे.

आता हा नियम घेऊन आठही गणितं तुम्ही स्वतः करून बघा. दुसऱ्यात दोन मायनस, म्हणून प्लस, ३ आणि ५ आठ. पाचव्यात एक मायनस एक प्लस, म्हणून मायनस, ९ मधून २ गेले सात : −७. पहिल्यात मायनस आणि प्लस, ८ मधून ३ गेले पाच : −५. चौथ्यात कंसातल्या उणे दोनच्या आधी वजा आहे, तिथे दोन मायनसचा प्लस, म्हणजे −६ + २. मग मायनस आणि प्लस, म्हणून मायनस, सहातून दोन गेले चार : −४. आठच्या आठ उत्तरं तीच येतात. चुकलेली तीन येतात, तशीच बरोबर आलेली पाचही येतात.

इथे पालकांनी थोडं थांबावं, कारण खरी गोम बरोबर उत्तरांत आहे. तिसरं, सहावं आणि आठवं गणित या नियमाने बरोबर येतं कारण तिथे नियम खरंच लागू आहे. पण पहिलं आणि चौथं नशिबाने बरोबर आलंय. −८ + ३ मध्ये ऋण बाजूचा आकडा मोठा आहे, म्हणून उत्तर तसंही ऋणच येणार होतं. पाचव्यात, −२ + ९ मध्ये, धन बाजूचा आकडा मोठा आहे, आणि तिथे नियम लगेच उघडा पडला. म्हणजे मुलाच्या दृष्टीने त्याने पहिलं आणि पाचवं गणित एकाच रीतीने केलं. एकावर बरोबरची खूण, दुसऱ्यावर फुली. यातून त्याने काय शिकावं? तो शिकतो की गणितात कधी बरोबर येतं, कधी येत नाही, त्याला काही कारण नसतं. "मला गणित जमत नाही" हे वाक्य मुलाच्या तोंडात असंच येतं, आणि ते एकदा बसलं की त्या तीन चुकांपेक्षा निस्तरायला कितीतरी जड जातं.

आईंचा विश्वास बसेना. "मॅडम, तो घाई करतो हो." मग मी त्यांना म्हटलं, चार गणितं देते, तुम्ही काही न सांगता त्याला करायला द्या. आणि तो काय उत्तरं लिहील तेही आत्ताच पाठवून ठेवते, नंतर ताडून बघा. गणितं होती −९ + २, −२ − ९, −१ − १ आणि −५ + १२. मी लिहिलं होतं, तो −७, ११, २ आणि −७ लिहील. पहिलं बरोबर, बाकी तीन चूक. अर्ध्या तासाने आईंचा मेसेज आला : "चारही तशीच. तुम्हाला आधी कसं कळलं?"

मला कळलं याचं कारण ती घाई नव्हती. निष्काळजीपणाची चूक आधी सांगता येत नाही. घाईत असलेला मुलगा एकदा सात आठे चोपन्न लिहितो, एकदा चिन्ह उतरवायला विसरतो, एकदा गणितच चुकीचं उतरवून घेतो. तेच पान दुसऱ्या दिवशी दिलं तर चुका वेगळ्या जागी येतात. जी चूक रोज त्याच जागी, त्याच रूपात येते ती चूक म्हणजे समज असते. चुकीची असली तरी समजच. तिला ओरडून, खेळ बंद करून, शंभर गणितं घालून घालवता येत नाही. शंभर गणितं घातली तर मुलगा तो चुकीचा नियम शंभर वेळा गिरवतो.

कबड्डीचा विषय इथे संपला, असं मी आईंना कळवलं.

आता हा नियम त्याच्याकडे आला कुठून? त्याने तो हवेतून काढलेला नाही. आपल्याकडे सहावीत पूर्णांक संख्यांची बेरीज-वजाबाकी येते आणि सातवीत गुणाकार-भागाकार. गुणाकारात दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येतो, एक ऋण एक धन असेल तर ऋण येतो. हे खरं आहे आणि लक्षात ठेवायला फार सोपं आहे. वर्गात, क्लासमध्ये, यूट्यूबवर ते एकाच घोषणेत सांगितलं जातं : "मायनस मायनस प्लस, प्लस मायनस मायनस." चालीवर म्हणता येतं, मुलं नाचतनाचत पाठ करतात. पण या घोषणेत कुठे हा शब्द नाही. गुणाकारात की बेरजेत, ते ती सांगत नाही. सहावीत संख्यारेषेवर उड्या मारून जेमतेम बसलेली बेरीज-वजाबाकी सातवीतल्या या घोषणेच्या लोंढ्यात वाहून जाते. म्हणूनच बरेच पालक सांगतात की सहावीत यायचं आणि सातवीत विसरला. तो विसरत नाही. सातवीतलं नवं जुन्यावर पसरतं.

या बाबतीत माझं मत अगदी स्पष्ट आहे. ही घोषणा आहे त्या रूपात मुलांना देऊच नये. द्यायचीच असेल तर "दोन ऋणांचा गुणाकार धन" असं पूर्ण वाक्य द्यावं. चाल लागत नाही, नको लागायला.

मी शाळेला दोष देत नाहीये. एकेका वर्गात साठ मुलं, साठ वह्या, त्यात कमानी कोण बघणार. पर्याय निवडायच्या परीक्षेत तर कमान कागदावर येतच नाही, नुसता गोल रंगतो.

गंमत अशी की आपल्या भाषेत या गोंधळावरचा उपाय आधीपासून आहे. करायच्या क्रियेला आपण "वजा" म्हणतो आणि संख्येच्या जातीला "उणे" किंवा "ऋण". बातम्यांतही काश्मीरचं तापमान "उणे सहा" असतं, "वजा सहा" नसतं. पण मुलं दोन्हीला मायनसच म्हणतात, शिकवणारेही म्हणतात. −३ − ५ हे "मायनस तीन मायनस पाच" असं वाचलं की कानावर दोन मायनस पडतात आणि घोषणा आपोआप सुरू होते. तेच "उणे तीन वजा पाच" असं वाचून बघा. इथे दोन मायनस एकमेकांना भेटतच नाहीत. पहिली खूण तीनची आहे, ती सांगते की आपण शून्याच्या खाली आहोत. दुसरी खूण काय करायचं ते सांगते. आणि ७ − (−२) म्हणजे "सात वजा उणे दोन". इथे मात्र वजा आणि उणे एकमेकांना चिकटून आलेत, आणि इथेच दोन मिळून बेरीज होते. फरक ऐकू येतो. मी मुलांना महिनाभर मायनस हा शब्द वापरू देत नाही. वापरला की गणित परत मोठ्याने वाचायचं. सेमी इंग्रजीच्या मुलांनाही मी मराठीतच वाचायला लावते, या एका धड्यापुरतं.

जुन्या लोकांनाही हे वेगळं ठेवायची गरज वाटली असावी. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिलेत. त्यात दोन ऋणांची बेरीज ऋण, हा नियम वेगळा आहे, आणि दोन ऋणांचा गुणाकार धन, हा वेगळा. धन म्हणजे पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज, हे शब्दच व्यवहारातले. दुकानदाराचे तीनशे आणि दूधवाल्याचे पाचशे द्यायचे असतील तर एकूण आठशे द्यायचे असतात, मिळायचे नसतात, हे त्या शब्दांतच आहे. पुढे भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायची रीत सांगितली आहे. खूण संख्येच्या डोक्यावर असली की ती संख्येचीच आहे हे डोळ्यांनाच कळतं. मी त्याचीच नक्कल करते म्हणा : सुरुवातीचे काही दिवस मुलांना संख्येचं चिन्ह लाल पेनने लिहायला लावते आणि क्रियेचं निळ्याने. −३ − ५ मध्ये पहिली रेघ लाल, दुसरी निळी. लाल-निळ्याची कमान काढायला मुलाचा हात जरा थांबतो.

आता त्या मुलाला प्रत्यक्ष कसं समजावलं ते सांगते, कारण घरी करण्यासारखं आहे.

मी त्याला वही काढू दिली नाही. आमच्याकडची बरीच मुलं लिंबची बारा मोटांची विहीर बघून आलेली असतात, हाही आलेला. म्हटलं, पायऱ्यांच्या विहिरीत उतरतोयस. जमीन म्हणजे शून्य. तू तीन पायऱ्या खाली उभा आहेस. आणखी पाच पायऱ्या उतरलास. कुठे आहेस? "आठ पायऱ्या खाली." एक सेकंदही लागला नाही. आता हेच गणितात लिही. त्याने लिहिलं −३ − ५, बरोबर चिन्ह टाकलं आणि पेन्सिल तशीच धरून बसला. मी त्याच्या वहीतलं ८ दाखवलं. हा आठ विहिरीत कुठे येतो? तो म्हणाला, "विहिरीत नाही. वर. जमिनीच्या वर आठ." मग स्वतःच हसला. उतरता उतरता माणूस झाडावर जाऊन बसला होता.

हे समजून घ्या, की मुलाला उणे संख्या कळत होत्या. विहिरीतल्या उणे संख्या त्याला व्यवस्थित येत होत्या. वहीतल्या येत नव्हत्या, कारण वहीत विहीर नव्हती, नुसती चिन्हं होती. याचा पुरावाही त्या पहिल्या फोटोत होता. पाचव्या गणिताच्या उत्तरात, −७ मध्ये, ती मायनसची रेघ बरोबरच्या चिन्हाला अगदी खेटून, कोंबल्यासारखी आहे, आणि सातपेक्षा गडद. म्हणजे त्याने आधी नुसतं ७ लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं! मग कमान काढली, कमान म्हणाली मायनस, म्हणून मागाहून मायनस घुसवला. त्याच्या अंदाजाला कळत होतं, पण नियमासमोर त्याने अंदाज सोडून दिला. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मला सात वाटलं होतं, पण रूल लावला." मुलाने स्वतःच्या बरोबर उत्तरावर विश्वास न ठेवणं, मला विचाराल तर, त्या पानावरची सगळ्यात काळजीची गोष्ट ही होती.

त्यानंतर आठवडाभर एकच सवय. पहिली संख्या म्हणजे मी कुठे उभा आहे. मधलं चिन्ह म्हणजे वर जायचं की खाली. दुसरी संख्या म्हणजे किती पायऱ्या. उत्तर लिहायच्या आधी तोंडाने सांगायचं, जमिनीच्या वर येणार की खाली. −२ + ९ : दोन पायऱ्या खाली आहे, नऊ चढायच्यात, दोन चढल्यावर जमीन लागते, सात उरतात, त्या विहिरीशेजारच्या देवळाच्या पायऱ्या समजा. वर सात. कमान काढायची नाही.

पण विहीर सगळीकडे पुरत नाही, हेही सांगायला हवं. "वजा उणे दोन" आलं की उणे दोन पायऱ्या उतरायचं म्हणजे काय, हे मुलाला पटत नाही. ते ओढूनताणून होतं. तिथे मी चिंचोके आणि कवड्या काढते. एक चिंचोका म्हणजे एक रुपया देणं, एक कवडी म्हणजे एक रुपया येणं. एक चिंचोका आणि एक कवडी समोरासमोर ठेवली की मिळून शून्य. घरात कवड्या नसतील तर शेंगदाणे घ्या, फक्त गणित होईपर्यंत खाऊ देऊ नका.

−६ − (−२) : सहा चिंचोके मांडा. वजा उणे दोन, म्हणजे दोन चिंचोके उचला. चार चिंचोके उरले. −४. सोपं आहे, आणि इथे त्याचं जुनं उत्तर बरोबरच होतं, फक्त आता त्याला कारण मिळालं.

आता याला उलटं करा : −२ − (−६). दोन चिंचोके मांडलेत आणि सहा उचलायचेत. नाहीयेत. मग काय करायचं? इथे मुलांना विचार करू द्या, सांगू नका. काही मुलांना दहा मिनिटं लागतात. युक्ती ही, की शून्य कितीही वेळा मांडता येतं. चिंचोका-कवडीच्या चार जोड्या आणून ठेवा. किमतीत काहीच बदल झाला नाही, कारण प्रत्येक जोडी शून्य आहे. आता समोर सहा चिंचोके आणि चार कवड्या आहेत. सहा चिंचोके उचला. चार कवड्या उरल्या. उत्तर ४. त्याच्या कमानीने इथे −४ आलं असतं. आणि मुलाला डोळ्यांसमोर दिसतं की देणं काढून घेतलं की येणं वाढतं. तुमच्यावरचं सहा रुपयांचं देणं कुणी माफ केलं तर तुम्ही सहा रुपयांनी वर आलात. "वजा उणे" म्हणजे बेरीज, याचं कारण एवढंच आहे, आणि ते फक्त दोन्ही चिन्हं एकाच संख्येच्या आधी लागून आली तर.

गुणाकाराचं कारण पाढ्यातून दाखवता येतं, ते पटकन सांगते. २ × (−४) = −८, १ × (−४) = −४, ० × (−४) = ०. उत्तर दर वेळी चारने वर सरकतंय. पुढची पायरी (−१) × (−४), तीही चारने वर सरकायला हवी, म्हणून ४. मुलं हे सहज मान्य करतात.

तीन आठवड्यांनंतर तो मुलगा दोन संख्यांची गणितं न अडखळता करतोय. पण −४ + (−५) − (−३) असं तीन संख्यांचं दिलं की मध्येच पेन्सिल कमान काढायला वळते. स्वतःच थांबतो, खोडतो. हे आणखी काही दिवस चालणार. आणि हे आत्ता करणं का भाग आहे तर पुढे समीकरणं आणि बैजिक राशींचा गुणाकार येतो, तिथे दोन्ही गोष्टी एकाच ओळीत येतात : कंसाबाहेरच्या ऋण संख्येने आत गुणायचं आणि मग उरलेल्या पदांची बेरीज-वजाबाकी करायची. तिथे हा गोंधळ राहिला तर चूक कुठे झाली हे शोधणंसुद्धा अवघड होतं, कारण ती सहा ओळींच्या पोटात दडलेली असते.

तुमच्या घरच्या पानावर वेगळंही काही दिसू शकतं. ३ − ८ = ५ असं असेल तर मुलगा लहानातून मोठा जात नाही ही प्राथमिकची सवय घेऊन उलटी वजाबाकी करतोय; त्याला उणे संख्यांची अजून गरजच वाटलेली नाही. −३ + ५ = −८ असेल तर त्याने आकडे मिळवून पुढचं चिन्ह नुसतं चिकटवलंय. −७ हा −३ पेक्षा मोठा म्हणत असेल तर त्याला आयपीएलच्या गुणतक्त्यातला नेट रनरेट दाखवा, −०.२ वाला संघ −०.९ वाल्याच्या वर का, हे क्रिकेट बघणारं पोर तुम्हालाच समजावून सांगेल. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून "मायनसमध्ये कच्चा आहे" एवढं कुणी सांगितलं तर त्याने काही कळत नाही. आणि फोटोवरून मुलाने काय केलं ते दिसतं, का केलं ते शेवटी त्यालाच विचारावं लागतं. विचारताना "हे काय केलंस?" नको. "हे कसं आलं, मला सांग ना" असं विचारा, आणि बरोबर उत्तरांबद्दलही विचारा, नाहीतर विचारलं म्हणजे चुकलंच, हे पोरं लगेच ओळखतात.

फोटो पाठवणाऱ्यांसाठी एवढं करा. पान अर्धं कापू नका, समास आणि कोपऱ्यातलं कच्चं काम मला हवंच असतं. दिवसाउजेडी, वरून सरळ काढा, म्हणजे खोडलेलं दिसतं. खोडरबर या धड्यापुरता बाजूला ठेवा. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता यायला हवं. आणि पाठवायच्या आधी तुम्ही लाल पेनने तपासू नका.

ज्यांची मुलं सातवीत-आठवीत आहेत त्यांच्यासाठी ही चार गणितं. जेवणाआधी द्या, मदत करू नका, वेळ लावू नका :

−७ + १०
−७ − १०
−१० + ७
७ − (−१०)

बरोबर उत्तरं ३, −१७, −३, १७. तुमच्या मुलाने −३, १७, −३, १७ लिहिलं असेल तर चारातली दोन बरोबर धरून सोडून देऊ नका. त्याच्याकडेही तीच कमान आहे. विहिरीपासून सुरुवात करा, चिंचोके नंतर.